आत्याच्या कागदावरची फुगडी

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही दोघी बहिणी एका गोळीच्या पट्टीवरचा आकडा वाचायला धडपडत होतो. मी पुण्यात, माझी आतेबहीण टोरांटोत आणि पट्टी वाईला, आत्याच्या हातात. आत्याच्या रक्तदाबाच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी बदलला होता. जुनी पट्टी अजून डब्यात होती आणि नवीही आली होती. दोन्हींवर नाव एकच, टेल्मिसार्टन, पण एक २० ची आणि दुसरी ४० ची. दोन्ही चंदेरी, अक्षरं बारीक निळी. आत्याला नुसत्या डोळ्यांनी आकडा लागत नव्हता, म्हणून ती पट्टी फोनच्या काचेसमोर धरत होती, आणि आम्हाला दिसत होता एक पांढरा, थरथरणारा ठिपका.

"दिसतंय का गं?"

"थोडं मागे घे, आत्या."

"मागे घेतलं. आणि अक्षरं उलटी दिसतायत मला. तुम्हालाही उलटीच दिसत असणार."

आम्हाला ती सुलटीच येत होती, फक्त पुसट. समोरच्या कॅमेऱ्यातली स्वतःची छबी आपल्याच काचेवर आरशासारखी उलटी दिसते, पलीकडच्याला मात्र सरळ जाते. हे आत्याला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. तिने पट्टी उलटी करून धरली आणि मग खरंच उलटी दिसू लागली. शेवटी शेजारच्या काकूंच्या मुलाने येऊन आकडा वाचला. त्या रात्री ताईने मला मेसेज केला: "तिला मागचा कॅमेरा शिकव. काहीही कर."

मागचाच कॅमेरा का, ते सांगते. बऱ्याच साध्या फोनमध्ये समोरच्या कॅमेऱ्याला हातभर अंतरावरचा चेहराच नीट दिसेल अशी भिंगाची बसवणी असते. जवळच्या वस्तूवर त्याची नजर ठरत नाही. मागचा कॅमेरा मात्र स्वतः नजर जुळवून घेतो, म्हणून वीतभर अंतरावरची बारीक अक्षरंही त्यात वाचता येतात. शिवाय समोरच्या कॅमेऱ्याने वस्तू दाखवताना माणसाला फोनच्या पुढे हात न्यावा लागतो आणि काच नीट दिसत नाही. मागच्या कॅमेऱ्यात आपल्याला जे काचेवर दिसतं तेच पलीकडे दिसतं. पायाची सूज, विजेच्या मीटरचा आकडा, गॅसच्या नळीवरची तारीख, परसातल्या जास्वंदीला पडलेली कीड, हे सगळं आत्याला दाखवायचं असायचं, आणि दर वेळी आम्हाला तिचं कपाळ दिसायचं.

मी पहिला कागद पुण्यातच, संगणकावर लिहिला. चौदा पायऱ्या होत्या. "व्हॉट्सअ‍ॅप उघडा. चॅट्समध्ये जा. ताईचा चॅट निवडा. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या व्हिडिओ आयकॉनवर टॅप करा. कॉल जोडला गेल्यावर खालच्या पट्टीत कॅमेरा बदलण्याच्या आयकॉनवर टॅप करा." ठळक अक्षरांत छापला, लॅमिनेशन करून घेतलं आणि वाईला निघालेल्या मावसभावाबरोबर पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी आत्याचा साधा फोन आला. आयकॉन म्हणजे कुठला, टॅप म्हणजे दाबायचं का, आणि किती वेळ दाबायचं, असं तिने विचारलं. मी सांगत गेले, पण ज्या फोनवर करून बघायचं त्याच फोनवर ती माझ्याशी बोलत होती. फोन कानाला लावून काचेकडे कसं बघायचं? म्हणून पुढच्या शनिवारी स्वारगेटहून एसटी धरली आणि वाईला गेले.

जाताना एकच ठरवलं होतं. दोन दिवस आत्याच्या फोनला मी हात लावायचा नाही. आपण तिच्या हातून फोन घेतो, तीन वेळा काहीतरी दाबतो, "हे बघ, असं" म्हणतो आणि परत देतो. तिला दिसतो फक्त आपला अंगठा. म्हणून मी तिच्या शेजारी हाताची घडी घालून बसले, वही मांडीवर घेतली आणि म्हणाले, "आत्या, ताईला लाव. मी काही सांगणार नाही, फक्त बघणार आहे."

पुढच्या अर्ध्या तासात जे दिसलं ते घरी बसून मला कधी सुचलं नसतं.

पहिली गोष्ट तिच्या बोटाची. आत्या शहात्तर वर्षांची आहे, बोटांची टोकं कोरडी, खरबरीत झालेली. कोरड्या बोटाला काच लगेच दाद देत नाही. मग ती जास्त जोराने आणि जास्त वेळ दाबते. जोराने काहीच बदलत नाही, वेळाने मात्र सगळं बदलतं. नावांच्या यादीत ताईच्या नावावर बोट जरा जास्त टेकून राहिलं की चॅट उघडत नाही. तिच्या फोटोवर बरोबरची खूण येते आणि वरच्या ओळीत वेगळीच चित्रं उगवतात, त्यात एक कचऱ्याच्या डब्याचं. आत्याला वाटतं, ताई उघडली. मग ती वर व्हिडिओचं चित्र शोधते आणि त्या ओळीतलं जे जवळचं वाटेल ते दाबते. "ताई यादीतून मधूनच हरवते" अशी तिची जुनी तक्रार होती, तिचा उलगडा मला तिथे झाला. ती तिच्या नकळत ताईचा चॅट अर्काइव्हमध्ये टाकत होती.

दुसरी गोष्ट, कॉल चालू असताना काचेवरची चित्रं काही सेकंदांनी आपोआप नाहीशी होतात. आपल्या हे लक्षातही येत नाही, कारण आपलं बोट सवयीने काचेला लागतं आणि ती परत येतात. आत्या कागदावरची पायरी वाचायला मान वळवायची, परत बघायची तर चित्रं गेलेली. "आत्ता होती इथे." मग ती कागदावर मागे जायची आणि चुकीच्या पायरीपासून पुन्हा सुरू करायची.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. व्हिडिओ कॉल लावायचं जे चित्र आहे, चौकोन आणि त्याला चिकटलेला त्रिकोण, त्याच्यासारखंच चित्र कॉल चालू असतानाही काचेवर असतं. पण तिथे त्याचं काम उलटं आहे, ते दाबलं की आपला कॅमेरा बंद होतो. "कॅमेऱ्याचं चित्र दाब" असं मी लिहिलं होतं. आत्या प्रामाणिकपणे कॅमेऱ्याचं चित्र दाबत होती आणि ताईला आत्या दिसेनाशी होत होती. यात चूक माझ्या वाक्याची होती.

चौथी गोष्ट, कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीला बोट लागलं की लहान चित्र मोठं आणि मोठं लहान होतं. आत्याला वाटलं, हाच कॅमेरा फिरवणं. "फिरला बघ," ती म्हणाली, आणि पूर्ण काचेवर तिचाच चेहरा होता. कॅमेरा तोच, फक्त जागांची अदलाबदल.

दुपारी जेवणानंतर मी तिला एकेक चित्र दाखवलं आणि विचारलं, "हे तुला कशासारखं दिसतं?" मी नाव सांगितलं नाही. चौकोन-त्रिकोण बघून ती म्हणाली, "मासा. हे अंग आणि ही शेपटी." मग कॅमेरा फिरवायचं चित्र आलं, एकमेकांच्या मागे गोल फिरणारे दोन बाण. तिने फोन जरा लांब धरला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि म्हणाली, "या दोघी फुगडी खेळतायत."

दुसरा कागद तिथेच, तिच्या शब्दांत लिहायला घेतला. आयकॉन, टॅप, चॅट हे शब्द गेले. मासा आणि फुगडी आली. फुगडीचं चित्र मी स्केचपेनने हाताने काढलं, दोन रुपयांच्या नाण्याएवढं, कारण ते काचेवर कुठे आहे हे लिहून भागत नाही. अ‍ॅपची नवी आवृत्ती आली की चित्रांच्या जागा बदलू शकतात. "खाली डावीकडे" लिहिलेलं असेल आणि ते वर गेलेलं असेल, तर आत्या खाली डावीकडे जे असेल ते दाबेल. चित्र ओळखीचं असेल तर ती शोधून काढते. गठ्ठ्यातून वर्षानुवर्षं नेमकी वही काढणाऱ्या वाण्यासारखी तिची नजर आहे, तिला शोधायला काय हवं तेवढं नीट कळलं पाहिजे.

"दाब" हा शब्दही काढला. त्याऐवजी काय लिहावं यावर आमचं बरंच बोलणं झालं. शेवटी तिच्याच स्वयंपाकघरातून शब्द मिळाला. गरम तव्याला चुकून बोट लागलं की जसं झटकन उचलतो, तसं. म्हणून कागदावर सगळीकडे "टेकव, उचल" असं आहे. हे तिने दहा वेळा करून बघितलं आणि दहापैकी आठ वेळा नेमकं लागलं. उरलेल्या दोन वेळांसाठी तिच्या परवानगीने फोनची सेटिंग मी बदलली. ॲक्सेसिबिलिटीमध्ये किती वेळ बोट टेकलं म्हणजे "धरून ठेवलं" समजायचं याची मर्यादा असते. ती सगळ्यात लांब केली. मग बोट थोडं रेंगाळलं तरी फोन ते साधं टेकवणंच धरतो. नावांच्या यादीत जाण्याची गरजही काढून टाकली. ताईच्या चॅटमध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून शॉर्टकट जोडता येतो, म्हणजे ताईचा फोटो थेट फोनच्या पहिल्या पानावर येतो. तिथून चॅट एका टेकवण्यात उघडतो आणि कचऱ्याचा डबा वाटेतच येत नाही. पानावरची बाकीची चित्रं दुसऱ्या पानावर हलवली. पहिल्या पानावर ताई, मी, दादा आणि साधा फोन, एवढंच राहिलं.

या तीन गोष्टी मी केल्या म्हणून कागद चौदा पायऱ्यांवरून खाली आला. फोनची मांडणीच सोपी करता येत असेल तर ती आधी करावी आणि उरेल तेवढंच कागदावर लिहावं, असं मला तेव्हापासून वाटतं.

संध्याकाळी सात वाजता चाचणी ठरली. टोरांटोत तेव्हा सकाळचे साडेनऊ होतात, ताई कामावर बसायच्या आधी मोकळी असते. मी माजघरात जाऊन बसले, आत्या स्वयंपाकघरात. तिने ताईला लावलं, रिंग वाजली, ताईचा आवाज आला. मग थोडी शांतता. मग आत्या म्हणाली, "गेलं. सगळं काळं झालं. बिघडला वाटतं फोन."

मी उठले नाही, पण माजघरातून ओरडून विचारलं, "ताईचा आवाज येतोय का?" येत होता. "चित्रं दिसतायत का, मासा वगैरे?" दिसत होती. म्हणजे फोन आणि कॉल दोन्ही शाबूत होते. आत गेले तर आत्याने फोनच्या कव्हरची झडप, वहीचं पान मागे दुमडावं तशी, मागे दुमडून धरली होती आणि कॅमेऱ्याचं भिंग त्या झडपेखाली गाडलं गेलं होतं. तिने फुगडी अगदी बरोबर लावली होती. मागचा कॅमेरा चालू झाला आणि त्याला झडपेचं अस्तर दिसलं.

कव्हर काढून टाकू, असं मी पटकन म्हणाले, आणि ते बरोबर नव्हतं. त्या कव्हरच्या कप्प्यात तिचं आधार कार्ड असतं. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यभर एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि आत्या महिन्यातून एकदा तरी साताऱ्याला किंवा पाचगणीला बहिणीकडे जाते, कंडक्टरला वय दाखवायला तेच कार्ड काढते. शिवाय औषधांची चिठ्ठी, देवळाच्या देणगीची पावती, पन्नासची घडी घातलेली नोट. ते कव्हर म्हणजे तिचा बटवा आहे. मग तिनेच मार्ग काढला. "पोथी धरते तशी धरते," म्हणाली. डाव्या हाताने झडपेची कड, उजव्या हातात फोन, मधली शिवण पोथीच्या बांधणीसारखी. तसं धरलं की भिंग मोकळं राहतं, आणि गंमत अशी की दोन्ही हात गुंतल्याने फोन थरथरणंही कमी झालं.

पण मग बोट. उजव्या हाताचं मधलं बोट आता बरोबर भिंगावर यायला लागलं. बोट भिंगावर असलं की चित्र पूर्ण काळं होत नाही, उजेड असेल तर कडेने लालसर, भाजल्यासारखं दिसतं. झडप असेल तर काळंकुट्ट. हा फरक आम्ही मुद्दाम करून बघितला आणि कागदावर लिहिला. भिंग कुठे आहे ते न बघता कळावं म्हणून आत्याने भिंगाच्या बाजूला, कव्हरवर एक टिकली चिकटवली, मखमलीची, बोटाला खडबडीत लागणारी. बोटाला टिकली लागली की बोट सरकवायचं.

गोळीची पट्टी दाखवणं हाच खरा कस होता, त्यामुळे रविवारी सकाळी आम्ही तेवढंच केलं. हातात पट्टी आणि दोन्ही हातांत फोन, हे जमणारच नव्हतं. म्हणून पट्टी ओट्यावर ठेवायची आणि फोन वरून धरायचा. ओटा काळ्या कडप्प्याचा आहे, त्यावर चंदेरी पट्टी उठून दिसते. किती उंचीवर धरायचं ते सेंटीमीटरमध्ये सांगून उपयोग नव्हता. एक वीत. त्याहून खाली आणलं की चित्र पुसट होतं, कारण अगदी जवळ गेल्यावर मागच्या कॅमेऱ्याचीही नजर ठरत नाही. पाहणाऱ्याला ते लांब वाटलं तर ताईने तिच्याकडचा फोटो काढून मोठा करावा, आत्याने फोन खाली आणू नये. धरल्यावर मनात पाच आकडे मोजायचे, तेवढ्यात नजर ठरते. पट्टीवर ट्यूबलाइटची चमक पडत असेल तर पट्टीच थोडी फिरवायची.

फोन आडवा करून ओट्यावर धरल्यावर आणखी एक अडचण निघाली. काच आपोआप आडवी-उभी फिरायला लागली, त्यामुळे चित्रांच्या जागा क्षणाक्षणाला बदलायच्या. आपोआप फिरण्याची सोय मी बंद करून टाकली. आत्याला ती कधीच लागत नाही.

तिसरा आणि आता स्वयंपाकघरात लावलेला कागद असा आहे. जसाच्या तसा देते.

ताईला काही दाखवायचं असेल तेव्हा

१. चष्मा. कव्हर पोथीसारखं उघड. झडप मागे दुमडू नको.

२. ताईच्या फोटोवर टेकव, उचल. वर ताईचं नाव दिसतं.

३. नावाच्या ओळीत मासा आहे. माशावर टेकव, उचल. रिंग वाजते, तुझा चेहरा दिसतो.

४. ताई दिसेपर्यंत काहीही करू नको. ताई दिसली की यापुढे माशाला हात नाही.

५. चित्रं पळाली असतील तर काचेच्या मधोमध टेकव, उचल. परत येतात.

६. फुगडी शोध. टेकव, उचल. छोट्या चौकटीत तुझा चेहरा जाऊन ओटा किंवा जमीन दिसते.

७. छोट्या चौकटीवर टेकव, उचल. ती मोठी होते. आता तुला दिसतं तेच ताईला दिसतं.

८. वस्तू ओट्यावर. फोन एक वीत वर. पाच आकडे मोज.

९. झालं की पुन्हा फुगडी. बोलणं झालं की लाल.

त्याखाली चौकट करून वेगळ्या रंगात:

काळं दिसलं तर झडप बघ. लाल-तांबूस दिसलं तर बोट बघ. धुरकट दिसलं तर भिंग पदराने पूस. ताई म्हणाली "तू दिसत नाहीस" तर माशावर काट आली असेल, माशावर एकदा टेकव. काहीच कळेना तर लाल. ताई स्वतः परत लावेल.

हे शेवटचं वाक्य ताईशी बोलून ठरवलं. आत्याच्या हातून कॉल तुटला की ताईने दोन मिनिटांत स्वतः लावायचा, न चुकता. आलेला कॉल घ्यायला आत्याला येतो. त्यामुळे "लाल" हे तिच्यासाठी भीतीचं बटण राहिलं नाही. आधी ती चुकीच्या जागी अडकली तरी कॉल तोडायला घाबरायची, मग काहीतरी दाबत राहायची आणि गुंता वाढायचा.

प्रत्येक पायरीत काय करायचं याबरोबर काय दिसेल हे लिहिलंय, ते मी तिला बघून शिकले. पहिल्या कागदात फक्त आज्ञा होत्या. एखादी पायरी फसली तर ते तिला चार पायऱ्यांनंतर कळायचं. आता सहाव्या ओळीत छोट्या चौकटीत ओटा दिसला नाही, तर ती सातवीवर जातच नाही. आणि त्यामुळे जागांच्या अदलाबदलीचा गोंधळही मिटला. चौकटीत चेहरा असेल तर कॅमेरा अजून समोरचाच, हे तिला न सांगता समजतं.

लॅमिनेशन मात्र गेलं. ट्यूबखाली तो कागद असा चकाकायचा की आत्याला मान तिरकी करून वाचावं लागे. तिसरा कागद जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवला, काळ्या स्केचपेनने, एकेक अक्षर नखाएवढं. तो टेबलावर ठेवून चालत नाही, कारण दोन्ही हात फोनला असतात आणि मान खाली घातली की चष्म्याचा वाचायचा भाग बरोबर येत नाही. ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला, तिच्या डोळ्यांच्या रेषेत लावला. तिथे तो फोडणीचा वाफारा खातो, पण वाचता येतो.

कागदावर मुद्दाम न लिहिलेल्या गोष्टीही आहेत. आवाज बंद करणं, स्पीकर, स्क्रीन शेअर, यातलं काहीच नाही. आणि अनेकांना एकदम लावणंही नाही. रविवारी आम्ही सगळे एकत्र बोलतो, पण आत्या फक्त ताईला लावते आणि ताई मला आणि दादाला तिच्याकडून जोडते. आत्याला काहीच करावं लागत नाही. एक क्रम मात्र आम्ही पाळतो. आत्याला काही दाखवायचं असेल तर ते आधी, दोघीच असताना. माणसं वाढली की काच चौकटींत वाटली जाते, तिची छोटी चौकट नेहमीच्या जागी राहत नाही आणि सातवी ओळ खोटी ठरते. एकदा दादाला घाईने आधी जोडलं, तेव्हा आत्या पाच मिनिटं चौकट शोधत होती. त्यात तिचा काही दोष नव्हता, कागद दोघींच्या कॉलसाठीच लिहिलेला आहे.

नेटवर्कचं काही करता आलं नाही. वाड्याच्या भिंती जाड, स्वयंपाकघर आतल्या बाजूला. पावसात चित्र थिजतं. थिजलं की ताई तिला सांगते, "आत्ता तू थांबलीयेस, आकडे पुन्हा मोज," आणि आत्या शांतपणे पुन्हा पाचपर्यंत मोजते. फारच अडलं तर पट्टी घेऊन पडवीत जाते, तिथे काळा कडप्पा नाही म्हणून काळ्या छत्रीवर ठेवते. ही छत्रीची युक्ती तिची.

ऑगस्टच्या शेवटी मी पुण्यात असताना ताईने मला एक फोटो पाठवला. व्हिडिओ कॉलवरूनच काढलेला. काळ्या ओट्यावर दोन पट्ट्या शेजारी-शेजारी, एकीवर 20 आणि दुसरीवर 40, दोन्ही स्वच्छ. खाली कडेला आत्याच्या बांगडीचा तुकडा. २० ची पट्टी तिने ताईच्या देखत बाजूला काढली आणि पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना दाखवायला म्हणून कव्हरच्या कप्प्यात ठेवली.

दिवाळीत गेले तेव्हा कागदावर पेन्सिलने दोन बदल झालेले होते. पहिल्या ओळीत "चष्मा" च्या आधी "हात पूस" आलं होतं, आणि फुगडीच्या चित्रात मी काढलेल्या दोन बाणांना तिने डोकी आणि वेण्या काढल्या होत्या. शेजारच्या काकूंना तो कागद हवा होता. मी नक्कल करून द्यायला निघाले, पण आत्याने थांबवलं. "त्यांचा फोन वेगळा आहे, आधी त्यांच्या शेजारी बस." गेले आणि बसले. काकूंच्या कव्हरला झडपच नव्हती, त्या फोन नेहमी आडवा धरत होत्या, आणि गोल फिरणाऱ्या बाणांना त्या म्हणाल्या "जातं". त्यांचा कागद पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिला.